पंधरा विभाग कोरे का राहिले?

शहराच्या रंगीत नकाशांची आता आपल्याला सवय झाली आहे. कुठल्या भागात पाणी कमी येते, कुठे कचरा उचलला जात नाही, कुठे दवाखाना लांब आहे, हे वर्तमानपत्रात गडद-फिकट रंगांत दिसते. असा नकाशा दोन गोष्टींचा मिळून बनतो. एक म्हणजे शहराच्या विभागांच्या हद्दींची फाइल. तिच्यात प्रत्येक विभागाचा बंदिस्त आकार असतो, ज्याला नकाशावाले पॉलिगॉन म्हणतात, आणि त्या आकाराला चिकटवलेला एक कोड असतो. दुसरी गोष्ट म्हणजे सर्वेक्षणाचा तक्ता. त्यात लोकांची उत्तरे असतात, आणि कोण कुठल्या विभागात राहतो हे सांगणारा तसाच एक कोड असतो. या दोन कोडांची गाठ मारली की उत्तरे नकाशावर चढतात. सांगायला काम एवढेच आहे, पण बहुतेक नकाशे चुकतात ते या गाठीत.

उदाहरण मुंबईचे घेऊ, कारण तिथले कोड मुंबईकरांच्या तोंडात बसलेले आहेत. महापालिकेच्या कारभारासाठी शहराचे वर्षानुवर्षे २४ विभाग मानले गेले. त्यांतल्या नऊ विभागांना एकेकच अक्षर आहे: A, B, C, D, E, L, N, S आणि T. उरलेल्या पंधरांना अक्षराबरोबर दिशा जोडलेली आहे. दादर, माहीम, धारावीचा `G/N`, माटुंगा-शीवचा `F/N`, अंधेरी पूर्वेचा `K/E`, गोवंडी-मानखुर्दचा `M/E`, बोरिवलीचा `R/C`. बोलताना आपण 'जी नॉर्थ' किंवा 'के वेस्ट' म्हणतो, आणि महापालिकेच्या मराठी कागदावर 'जी/उत्तर' असते.

आता समजा, एका गटाने घरोघरी जाऊन 'नळाला रोज किती तास पाणी येते?' असे विचारले. प्रत्येक विभागात ५० घरे, म्हणजे एकूण १,२०० घरे. (हे सर्वेक्षण आणि त्याचे आकडे इथे समजावण्यापुरते घेतले आहेत, विभाग आणि त्यांचे कोड मात्र खरे आहेत.) हद्दींच्या फाइलमध्ये कोड `G/N` असा आहे. तक्त्यात मात्र कोणी `G North` लिहिले, कोणी `GN`, कोणी `g-n`, तर कोणी मराठीत 'जी/उत्तर'. हे दोन्ही संगणकात घालून तसेच जोडले तर नकाशा येतो, पण त्यात नऊ विभाग रंगलेले आणि पंधरा कोरे दिसतात. कुलाबा रंगले, मुलुंड रंगले, धारावी पांढरी राहिली. कारण एका अक्षराचे कोड लिहिण्यात चुकायला फारशी जागा नाही, आणि दिशा असलेला कोड प्रत्येकाने आपापल्या परीने लिहिला.

संगणक इथे चूक झाल्याचे सांगत नाही. त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. जोडणी करताना तो हद्दीच्या फाइलमधला एक कोड उचलतो, तक्त्याच्या रकान्यात अक्षर न् अक्षर तसाच कोड शोधतो, सापडला तर त्या ओळीतली माहिती आकाराला लावतो आणि नाही सापडला तर रकाना रिकामा सोडून पुढे जातो. `G/N` आणि `G/N` यांच्यात दुसऱ्याच्या शेवटी एक रिकामी जागा असेल, तरी त्याच्या लेखी ते दोन वेगळे शब्द आहेत. 'जी नॉर्थ' आणि 'जी/उत्तर' एकच, हे ज्ञान माणसाचे आहे. ते संगणकाला द्यावे लागते, आणि दिल्यावर मोजूनही पाहावे लागते.

आधी कोड, मग बेरीज

पहिला प्रश्न क्रमाचा. तक्त्यात १,२०० ओळी आहेत आणि नकाशात २४ आकार. एका आकाराला ५० ओळी लावता येत नाहीत. त्याला एकच उत्तर लागते, जसे 'दोन तासांपेक्षा कमी पाणी येणारी घरे शेकडा किती'. म्हणून आधी ५० ओळींची एक ओळ करावी लागते.

हे न करता थेट जोडले तर काय होते, ते वापरलेल्या साधनावर ठरते. QGIS या मोफत आणि लोकप्रिय सॉफ्टवेअरमध्ये थराच्या गुणधर्मांत जाऊन तक्ता जोडला, तर एका कोडाच्या अनेक ओळींपैकी एकच ओळ घेतली जाते. नकाशा सुबक दिसतो, पण धारावीसकट सगळ्या G/N चा रंग एकाच घराच्या उत्तरावरून ठरलेला असतो. पायथनसारख्या भाषेत जोडले तर उलट होते. प्रत्येक ओळीसाठी आकाराची नवी प्रत तयार होते आणि २४ आकारांचे शेकडो आकार एकावर एक बसतात. वरचा तेवढा डोळ्यांना दिसतो. दोन्ही वेळा पडद्यावर चुकीची खूण काहीच नसते. म्हणून जोडणीनंतर नकाशाच्या थरात किती ओळी आहेत हे पाहायचे. आधी २४ होत्या, तर नंतरही २४ च असायला हव्यात.

बेरीज जोडणीआधी करायची हे खरे, पण कोड दुरुस्त करण्याआधी करायची नाही. तसे केले तर `GN` चा एक गट होतो, `G North` चा दुसरा आणि 'जी/उत्तर' चा तिसरा. त्यांतला एखादाच गट नकाशाला लागतो, आणि ५० घरांऐवजी १८ घरांची सरासरी संपूर्ण विभागाची म्हणून छापली जाते. तेव्हा क्रम असा: प्रत्येक उत्तराच्या ओळीत कोड दुरुस्त करा, मग विभागवार २४ ओळी करा आणि त्यानंतर जोडा.

नियमाने सुटणारे आणि न सुटणारे

दुरुस्ती करताना मूळ रकान्याला हात लावायचा नाही. शेजारी नवा रकाना करायचा आणि स्वच्छ कोड तिथे लिहायचा. नंतर शंका आली तर लोकांनी मुळात काय लिहिले होते ते समोर असले पाहिजे.

बराचसा पसारा एका नियमाने आवरतो. सगळी अक्षरे मोठी करा, आणि मधल्या रिकाम्या जागा, तिरकी रेघ, टिंब व आडवी रेघ काढून टाका. QGIS च्या गणकात ते असे लिहितात:

```
regexp_replace(upper("ward"), '[ /.-]', '')
```

यामुळे `g-n`, `G/N`, `G N` हे सगळे `GN` होतात. `G North` चे `GNORTH` होते. त्यातल्या `NORTH` च्या जागी `N` आणि तसेच `SOUTH`, `EAST`, `WEST`, `CENTRAL` यांच्या जागी पहिले अक्षर घातले की तेही जुळतात. हाच नियम हद्दींच्या फाइललाही लावायचा, नाहीतर एकीकडे `GN` आणि दुसरीकडे `G/N` असे होऊन पुन्हा फारकत.

आता हिशोब मांडायचा. आपल्या उदाहरणात नियम लावल्यावर १,२०० पैकी १,१३१ ओळींना योग्य कोड मिळाला. उरल्या ६९. त्या एकेक पाहण्याऐवजी वेगवेगळी लिखाणे किती आहेत तेवढी यादी काढली, तर काम हातात मावते. ६९ पैकी ३८ ओळी मराठीतल्या होत्या: 'जी/उत्तर', 'जी उत्तर', 'के पूर्व', आणि ऱ्हस्व उकार देऊन लिहिलेले 'के पुर्व'. यांच्यासाठी दोन रकान्यांचा छोटा तक्ता करतात, एकीकडे जसे लिहिले तसे आणि दुसरीकडे खरा कोड. हा दुरुस्ती-तक्ता जपून ठेवायचा असतो. पुढच्या वर्षी तेच सर्वेक्षण झाले तर निम्मे काम तयार असते, आणि एखाद्याने 'हा आकडा कुठून आला?' असे विचारले तर दाखवायला पुरावा असतो.

इथे एक आडवाट मोह पाडते. 'जवळपास सारखे दिसणारे शब्द आपोआप जुळवा' अशी सोय अनेक साधनांत असते. गावांच्या लांब नावांसाठी ती उपयोगी पडते, कारण एका अक्षराचा फरक बहुधा शुद्धलेखनाचा असतो. मुंबईच्या कोडांत मात्र ती घातक आहे. `F/N`, `G/N`, `P/N` आणि `R/N` यांच्यात फरक एकाच अक्षराचा, आणि `F/N` व `F/S` यांच्यातही एकाच अक्षराचा. टंकताना चुकून `D/N` पडले तर संगणकाला हे सगळे 'उत्तर'वाले सारखेच जवळचे. तो त्यांतला एक निवडेल आणि मालाडचे घर माटुंग्यात नेऊन ठेवेल. छोट्या कोडात प्रत्येक अक्षर अर्थ घेऊन आलेले असते. तिथे अंदाजाला जागा नाही.

'K' म्हणजे कुठला?

उरलेल्या ३१ ओळी नियमालाही दाद देत नाहीत आणि दुरुस्ती-तक्त्यालाही. १९ जणांच्या पुढे नुसता `K` आहे, सात जणांच्या पुढे नुसता `R`, आणि पाच जणांचा रकाना रिकामा. `K` म्हणजे अंधेरी पूर्व की पश्चिम? `R` म्हणजे कांदिवली, बोरिवली की दहिसर? हे लिखाणाचे दोष नाहीत. माहितीच अपुरी आहे. ती दुसरीकडून आणावी लागते.

घाईत कोणी सगळे `K` सरळ `K/E` मध्ये टाकले, असे समजा. जोडणी बिनतक्रार होईल, कोरा विभाग एकही दिसणार नाही. चोर सापडतो तो मोजणीत. प्रत्येक विभागात ५० घरे ठरली होती, आणि आता `K/E` मध्ये ६४ व `K/W` मध्ये ३६ दिसतात. बेरीज शंभरच आहे, पण वाटणी बिघडली आहे. शेजारच्या दोन विभागांत एकात जेवढे जास्त तेवढेच दुसऱ्यात कमी दिसले, की कोडांची गल्लत झाली असे जवळजवळ नक्की धरावे.

उपाय स्थळाचा. हल्ली फोनवर भरलेल्या अर्जात अक्षांश-रेखांशही नोंदले जातात. तो बिंदू हद्दींच्या थरावर टाकला की कुठल्या आकाराच्या आत पडतो ते कळते. तसे करता १९ पैकी १६ घरांचा पत्ता लागला: १२ पश्चिमेची, चार पूर्वेची. `R` ची सातही घरे मार्गी लागली. रिकाम्या पाचांपैकी दोनच सुटली, बाकीच्यांचे स्थळ नोंदलेच नव्हते. म्हणजे ३१ पैकी २५ मिटली आणि सहा राहिली: तीन `K` आणि तीन कोरी.

आता `K/E` मध्ये ४९ आणि `K/W` मध्ये ४८ घरे झाली. ठरलेल्या ५० च्या हिशोबाने उरलेल्या तिघांपैकी एक घर पूर्वेचे आणि दोन पश्चिमेची असणार. पण तिघांतले पूर्वेचे कोणते, हे त्यावरून ठरत नाही. ती तीन घरे बाहेरच ठेवायची. ५० ऐवजी ४८ घरांवर काढलेली टक्केवारी काही बिघडत नाही. चुकीच्या विभागात घातलेले घर मात्र दोन्ही विभागांचे उत्तर बिघडवते.

स्थळ नोंदलेले नसेल तर वस्तीचे नाव कामाला येते, पण तेही जपून. धारावी म्हटले की `G/N` हे सरळ आहे. नुसते 'अंधेरी' मात्र पुरत नाही, कारण तिथे एक बाजू `K/E` आणि दुसरी `K/W`. 'दादर'चेही तसेच: पश्चिमेचे दादर `G/N` मध्ये येते, पूर्वेचे येत नाही. पिनकोड तर टपालाच्या सोयीने आखलेले. त्यांच्या सीमा महापालिकेच्या विभागांशी जुळतीलच असे नाही.

जुळले, पण चुकीचे

आतापर्यंतच्या चुकांची काही ना काही खूण दिसत होती. विभाग कोरा राहिला किंवा मोजणी फसली. याहून अवघड चूक ती, जिच्यात सगळे कोड शंभर टक्के जुळतात.

मुंबईत कारभाराचे विभाग वेगळे आणि नगरसेवक निवडण्याचे प्रभाग वेगळे. २०१२ च्या निवडणुकीत प्रभाग २२७ होते आणि २०१७ मध्येही २२७ च. क्रमांक दोन्ही वेळा १ ते २२७. पण मधल्या काळात २०११ च्या जनगणनेच्या आधाराने प्रभागांची फेररचना झाली आणि हद्दी बदलल्या. आता २०१७ नंतरचे सर्वेक्षण घ्या आणि हाताशी असलेली २०१२ ची हद्दींची फाइल त्याला जोडा. २२७ पैकी २२७ जुळतील. एकही प्रभाग कोरा नाही, एकही ओळ जास्त नाही, आणि तरीही एका वस्तीची उत्तरे दुसऱ्याच वस्तीवर रंगवली जातील. पुण्यात निदान संख्या तरी बदलली, २०१२ मध्ये ७६ प्रभाग आणि २०१७ मध्ये ४१, म्हणून तिथे जोडणी करणारा ठेचकाळतो आणि सावध होतो. मुंबईत ठेचही लागत नाही.

अशी चूक ओळखायची असेल तर कोडावर विसंबून चालत नाही, कोडाबाहेरचा साक्षीदार लागतो. ज्या घरांचे अक्षांश-रेखांश आहेत ती सगळी नकाशावर टाका. प्रत्येक घरासाठी दोन गोष्टी ताडून पाहा: तक्त्यात लिहिलेला कोड आणि बिंदू ज्या आकारात पडला त्याचा कोड. हद्दीवरची थोडी घरे पलीकडे पडतील. फोनने दाखवलेले स्थळ काही मीटर सरकलेले असू शकते, त्याची काळजी नको. पण एखाद्या प्रभागाची जवळजवळ सगळी घरे शेजारच्या आकारात जात असतील, तर घरे हललेली नाहीत. हद्दींची फाइल दुसऱ्या वर्षाची आहे.

अक्षांश-रेखांश नसतील तर २४ विभागांसाठी एक साधी परीक्षा आहे. २०११ च्या जनगणनेतली विभागवार लोकसंख्या त्याच कोडाने जोडून पाहा. त्या वेळी मालाडच्या `P/N` मध्ये ९ लाख ४१ हजारांवर माणसे होती, म्हणजे २४ विभागांत सर्वाधिक, आणि `B` मध्ये सर्वांत कमी, सुमारे १ लाख २७ हजार. नकाशावर सर्वांत गडद मालाड आणि सर्वांत फिकट मशीद-डोंगरीचा भाग आला तर कोड जागेवर आहेत. भलतेच काही दिसले तर बहुधा कोणीतरी एक्सेलमध्ये सगळा तक्ता न निवडता कोडांचा एकच रकाना क्रमाने लावला आहे, आणि प्रत्येकाचे उत्तर दुसऱ्याच्या नावावर गेले आहे.

एक्सेलची आणखी एक खोड प्रभाग क्रमांकांत भोवते. `007` असे लिहिले की तो आकडा समजून पुढची शून्ये गाळतो आणि `7` ठेवतो. `3/12` लिहिले की तारीख समजतो. म्हणून फाइल उघडण्याआधीच कोडाच्या रकान्याला 'मजकूर' म्हणून ओळख द्यायची. एकदा तारीख झाली की मूळ कोड परत मिळवणे अवघड जाते.

विभाग तुटण्याचाही प्रश्न आहे. लोकसंख्या वाढली म्हणून `P/N` सारख्या मोठ्या विभागाचे दोन भाग करण्याचा निर्णय झाला. सर्वेक्षणात नवे दोन कोड आणि नकाशात जुना एक, अशी गत झाली तर मार्ग सोपा आहे: दोन्ही नव्या भागांची घरे एकत्र करून जुन्या `P/N` खाली मोजायची. उलट परिस्थितीत, म्हणजे तक्त्यात जुना `P/N` आणि नकाशात नवे दोन भाग असतील तर, स्थळाची नोंद असल्याशिवाय वाटणी करता येत नाही. दोन्ही भागांना तोच आकडा देऊन टाकणे म्हणजे न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर छापणे.

शेवटचा हिशोब

२४ ओळींचा तक्ता तयार झाला की जोडणी करायची, पण दोन्ही बाजूंचे उरलेले दिसतील अशी. पायथनमध्ये ते दोन ओळींत होते:

```python
m = wards.merge(survey, on="code", how="outer", indicator=True, validate="one_to_one")
print(m["_merge"].value_counts())
```

`both` पुढे २४ आणि `left_only`, `right_only` या दोन्हींपुढे शून्य आले, तर एकही विभाग उत्तराशिवाय राहिला नाही आणि एकही उत्तर विभागाशिवाय राहिले नाही. `one_to_one` ही अट असल्याने कुठलाही कोड दोनदा आला तर काम तिथेच थांबते आणि चूक पडद्यावर दिसते. फक्त जुळलेलेच ठेवणारी जोडणी वापरली तर न जुळलेले विभाग नकाशातून गायबच होतात, आणि मुंबईच्या मधोमध भोक पडलेले दिसते. ते दिसले तर बरेच. कडेचा विभाग गेला तर लक्षातही येत नाही.

रंग भरताना रिकामे आणि शून्य यांत गल्लत होऊ द्यायची नाही. 'दोन तासांपेक्षा कमी पाणी येणारी घरे शून्य टक्के' ही आनंदाची बातमी आहे, आणि 'माहिती नाही' ही बातमीच नाही. काही जण रिकाम्या रकान्यात सवयीने शून्य भरतात, आणि ज्या विभागात कोणी गेलेच नाही तो सर्वांत सुखी म्हणून चमकतो. माहिती नसलेल्या विभागाला राखाडी रंग किंवा तिरक्या रेघा द्याव्यात, आणि सूचीत त्याचा अर्थ लिहावा.

शेवटी नकाशाखाली चार गोष्टी छापाव्यात: हद्दी कुठल्या वर्षाच्या, एकूण उत्तरे किती, नकाशावर किती चढली आणि बाकीची का चढली नाहीत. आपल्या उदाहरणात ती ओळ अशी होईल: '२४ प्रशासकीय विभाग; १,२०० घरांपैकी १,१९४ घरांची उत्तरे समाविष्ट; सहा घरांचा विभाग निश्चित करता आला नाही.' एखाद्या नकाशाखाली अशी ओळ नसेल, तर वाचकाने किती उत्तरे गळाली असे विचारावे. ज्याने जोडणी मोजून केली असेल, त्याला उत्तर द्यायला फाइल उघडण्यापुरताच वेळ लागेल.